गजांमागे काय होते?

मे 2017 मध्ये गूगलच्या वार्षिक परिषदेत सुंदर पिचाई यांनी एक छायाचित्र पडद्यावर दाखवले. बेसबॉल खेळणारी एक लहान मुलगी आणि तिच्यासमोर, छायाचित्रकाराच्या बाजूला, तारेची जाळी. पुढच्याच क्षणी जाळी गेली आणि मुलगी मोकळी झाली. सभागृहात टाळ्या पडल्या. ती सोय जशी दाखवली तशी लगेच फोनमध्ये आली नाही. पण 2021 पासून नको असलेल्या वस्तू बोटाने पुसण्याची साधने फोनमध्ये आली आणि आता त्यांचे कुणाला नवलही उरलेले नाही.

या सगळ्या व्यवहारात ‘काढणे’ हे क्रियापद वापरले जाते: जाळी काढली, गज काढले, रेलिंग काढले. समीक्षेने पहिली हरकत या शब्दालाच घ्यायला हवी. छायाचित्रातून गज काढता येत नाही. जिथे गज होता तिथे दुसरे काहीतरी भरावे लागते. ते ‘दुसरे काहीतरी’ कुठून आले, हाच खरा प्रश्न आहे, आणि तयार झालेले गुळगुळीत चित्र नेमका तोच प्रश्न लपवते.

भरण्याच्या मजकुराला तीन उगम असू शकतात. तिन्हींची नैतिक पत वेगवेगळी आहे.

पहिला उगम प्राणिसंग्रहालयात फोटो काढणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते लेन्स जाळीला जवळजवळ टेकवतात, छिद्र पूर्ण उघडतात आणि दूर बसलेल्या वाघावर फोकस धरतात. 200 मिलिमीटरची लेन्स एफ/2.8 वर उघडली, की तिचे छिद्र सुमारे 71 मिलिमीटर रुंद असते. तीन मिलिमीटरची तार त्यातला थोडाच प्रकाश अडवते. उरलेला तारेच्या दोन्ही बाजूंनी आत येतो. चित्र जरा धुरकट होते, जाळीवर ऊन असेल तर फारच धुरकट. म्हणून जाणकार मंडळी जाळीच्या त्या भागावर हाताची सावली धरतात. पण वाघाचा प्रत्येक पट्टा वाघाकडूनच आलेला असतो. इथे कल्पनेने काहीच भरलेले नाही.

दुसरा उगम म्हणजे जागा बदलणे. आपण गजाआडून पाहताना नकळत मान हलवतो तेच इथे कॅमेरा करतो. 2015 मध्ये श्यू, रुबिन्स्टाइन, लिऊ आणि फ्रीमन यांनी मांडलेल्या पद्धतीत कॅमेरा किंचित सरकवत काही चित्रे घेतली जातात. जवळचे गज आणि मागचे दृश्य वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात, त्यावरून दोन थर वेगळे केले जातात आणि एका चित्रात झाकलेली पट्टी दुसऱ्या चित्रातून घेतली जाते.

या पद्धतीची मर्यादा एका साध्या गणितातून दिसते. समजा, जुन्या वाड्याची गजांची खिडकी आहे. गज 12 मिलिमीटर जाडीचे आणि एका गजाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 100 मिलिमीटर. म्हणजे खिडकीचा साधारण आठवा हिस्सा झाकलेला. चेहरा 140 मिलिमीटरच्या आसपास रुंद धरला, तर चेहऱ्यावरून निदान एक गज जाणारच. कॅमेरा गजांपासून दोन मीटरवर आहे आणि आजी गजांच्या मागे 30 सेंटिमीटरवर बसली आहे. तिच्या चेहऱ्यावर गजामुळे झाकली गेलेली पट्टी होते साधारण 14 मिलिमीटरची. ती उघडी पडायला कॅमेरा किती सरकवावा लागेल? नऊ-सव्वानऊ सेंटिमीटर. वीतभरही नाही. आजी स्थिर बसली असेल, तर काम झालेच.

आता आजी उठली आणि गजांना गाल लागेल इतकी जवळ आली असे धरू. चेहरा गजांपासून दोन सेंटिमीटरवर. आता तेवढीच पट्टी उघडी पडायला कॅमेरा सव्वा मीटर बाजूला न्यावा लागतो. तिथून चेहरा समोरून दिसतच नाही, तीस अंशांनी वळलेला दिसतो. नाक गालावर येते आणि उसनी घेतलेली पट्टी मूळ चित्रात बसत नाही. आजीने गज मुठीत धरला असेल, तर मुठीतल्या त्या भागासाठी जगातली कोणतीही जागा उपयोगाची नाही. माणूस गजाच्या जितका जवळ, तितके त्याच्यामागचे खरे परत मिळणे अवघड. आणि बहुतेक वेळा माणूस गजाजवळ येतो, गज धरतो, तेव्हाच गज त्या चित्राचा विषय झालेला असतो.

शिवाय दोन चित्रांमध्ये वेळ जातो. अर्ध्या सेकंदात पापणी मिटते. मग डोळ्याची एक कड एका क्षणाची आणि दुसरी कड दुसऱ्या क्षणाची होते. ही पट्टी खरीच आहे, पण तिची तारीख वेगळी आहे, एवढे तरी मान्य करावे लागते.

तिसरा उगम म्हणजे अंदाज, आणि जुन्या घरगुती छायाचित्रांच्या बाबतीत बहुधा तोच उरतो, कारण चित्र एकच असते. यान्शी लिऊ आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये जाळी हटवण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला तेव्हा त्याच्या पायऱ्या स्पष्ट केल्या: आधी जाळीची नियमित वीण शोधायची, मग कोणते बिंदू जाळीचे आणि कोणते मागचे हे ठरवायचे, मग जाळीचे बिंदू भरायचे. वाचताना वाटते की अडचण शेवटच्या पायरीत असेल. प्रत्यक्षात मधली पायरीही तितकीच त्रासदायक असते. तार बारीक असते, म्हणून तिच्या क्षेत्रफळाच्या मानाने तिची कड फार लांब असते, आणि कडेवरच्या बिंदूंमध्ये तारेचा आणि मागच्या दृश्याचा रंग मिसळलेला असतो. तेवढेच बिंदू पुसले तर जागोजाग करड्या रंगाची भुते राहतात. ती घालवायला पुसण्याची पट्टी दोन-तीन बिंदूंनी रुंद करावी लागते, आणि तसे केले की जे खरेखुरे दिसत होते त्यातलेही थोडे आपण आपल्या हाताने फेकून देतो.

भरताना जुनी साधने त्याच चित्राच्या उरलेल्या भागातून मिळतेजुळते तुकडे उचलत. मागे गवत किंवा विटांची भिंत असेल, तर हे छान जमते आणि कुणाचे काही बिघडतही नाही. नवी साधने लाखो चित्रांवर शिकवलेली असतात. ती चेहराही भरतात. पण ती भरतात तो संभाव्य चेहरा असतो. आजीच्या गालावरच्या त्या 14 मिलिमीटरमध्ये तीळ असेल, देवीचा वण असेल, नथीचा आकडा असेल. साधन तिथे स्वच्छ कातडी भरेल, कारण बहुतेक गालांवर त्या जागी स्वच्छ कातडी असते. एखाद्या माणसाला इतरांपासून वेगळे करणारी खूण नेमकी अशी असते की ती सरासरीत सापडत नाही.

चित्रात असा हात फिरला आहे की नाही, हे पुष्कळदा ओळखता येते. गज गेलेले असतात, पण त्यांच्या सावल्या पदरावर तशाच तिरक्या पडलेल्या राहतात. लुगड्याची किनार एका जागी जाड होते आणि पुन्हा बारीक होते. दोन पानांची टोके हुबेहूब सारखी निघतात. मूठ हवेत काहीतरी घट्ट धरून असते. मला यातली मूठ सर्वांत बोलकी वाटते.

हे सगळे सांगून ‘म्हणून पुसूच नका’ असे म्हणायचे नाही. फुटलेले, खरवडलेले भरून काढणे ही माणसाची जुनी गरज आहे. प्रश्न भरण्याच्या शिष्टाचाराचा आहे, आणि तो दोन परंपरांनी विसाव्या शतकात नीट विचार करून ठरवला होता. रोममध्ये 1939 साली स्थापन झालेल्या केंद्रीय पुनरुद्धार संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी. त्यांच्या परंपरेत भित्तिचित्राचा गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरतात. चार पावले मागे उभे राहिले की चित्र अखंड दिसते. जवळ गेले की रेघा दिसतात आणि कळते, इथे मूळ हात नाही. डोळ्याला सुख मिळते आणि फसवणूक होत नाही.

दुसरी परंपरा आपल्या पुण्यातली आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुखटणकरांनी, जिथे हस्तलिखितांच्या साक्षीवरून पाठ निश्चित ठरत नाही, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली. 1933 मध्ये आदिपर्व पूर्ण झाले आणि 1966 पर्यंत उरलेली पर्वे आली. रेघ सगळीकडे आहे. संपादकाने पाठ दिला, श्लोक तुटका ठेवला नाही. पण आपली खात्री किती आहे तेही त्याच ओळीत सांगितले. मला हे नम्रतेपेक्षा हिशेबाचे काम वाटते. वाचकाच्या हातात संहिता आणि शंका दोन्ही एकदम पडतात.

छायाचित्र पुसणाऱ्या साधनांकडे ही रेघ नाही. काही फाइलींच्या पोटात संपादनाची नोंद राहते, पण चित्र दोन-तीन हातांतून गेले की ती सहसा गळून पडते. आणि नोंद टिकली तरी तिने एवढेच कळते की काहीतरी बदलले. कोणती पट्टी दुसऱ्या चित्रातून आली आणि कोणती अंदाजाने भरली, हे चित्राकडे पाहून कळत नाही.

खूण नसली की काय होते, याचा दाखला संगणकाच्या आधीचा आहे. 4 मे 1970 रोजी ओहायोमधल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. मृत विद्यार्थ्याशेजारी गुडघे टेकून आक्रोश करणाऱ्या मेरी ॲन वेकियो या चौदा वर्षांच्या मुलीचे जॉन फिलो यांनी काढलेले छायाचित्र जगभर गेले. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. मूळ चित्रात तिच्या मागे कुंपणाचा एक खांब आहे, जणू तिच्या डोक्यातून उगवलेला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच कुणीतरी तो हाताने पुसला. खांब तिच्या मागे होता, त्यामुळे तिचा चेहरा शाबूत राहिला. भरावी लागली ती फक्त पार्श्वभूमी. इतका निरुपद्रवी फेरफार. पण ती प्रत संग्रहात कोणत्याही खुणेविना पडून राहिली, आणि 1995 मध्ये ‘लाइफ’ने तीच मूळ समजून छापली. वाद झाला तेव्हा मासिकाने सांगितले की खांब गेल्याचे आपल्याला ठाऊकच नव्हते. पंचवीस वर्षांत चित्र पाहणाऱ्यांच्या दोन पिढ्या झाल्या होत्या, एक खांबाची आणि एक बिनखांबाची.

अडथळा कशाला म्हणायचे हा निर्णय गणिताच्या आधीचा असतो, आणि तो साधन आपल्याला विचारत नाही. तोयो मियाताके हे लॉस एंजेलिसचे छायाचित्रकार. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या हजारो लोकांबरोबर त्यांनाही कॅलिफोर्नियातल्या मांझानार छावणीत डांबले. कैद्यांना कॅमेरा ठेवायला बंदी होती. त्यांनी लेन्स चोरून आत नेली आणि लाकडाची पेटी करवून तिचा कॅमेरा बनवला. 1944 च्या सुमारास त्यांनी काढलेल्या एका छायाचित्रात काटेरी तारांमागे तीन मुलगे उभे आहेत आणि त्यांच्या मागे पहाऱ्याचा मनोरा आहे. तारा पातळ आहेत, मध्ये भरपूर मोकळी जागा आहे. वर सांगितलेल्या कोणत्याही साधनाला हे चित्र सोपे जाईल. भुते राहणार नाहीत, चेहरे बिघडणार नाहीत. तीन मुलगे उघड्या माळावर उभे दिसतील, आणि मागचा मनोरा पाखरे हाकायला शेतात बांधलेल्या माळ्यासारखा वाटेल.