राधा बोलते तशी मराठी

परदेशात वाढणाऱ्या मुलासाठी मराठी चित्रपुस्तक निवडताना पालक बहुधा सोपे शब्द आणि मोठी अक्षरं पाहतात. त्याआधी पाहायला हवं ते वेगळंच: पुस्तकातली माणसं घरातल्या माणसांसारखी बोलतात का? या मुलाला मराठी मिळते ती आईबाबांच्या तोंडून. पुस्तकात ‘मी पाणी आणले, नंतर फळे खाल्ली’ असं छापलेलं असलं, तर वाचणारी आई नकळत ‘आणलं’, ‘फळं’ असं बदलत जाते. एका पानावर चार-पाच ठिकाणी असं बदलावं लागलं, तर ते पुस्तक या वयासाठी नव्हे.

माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या ज्योत्स्ना प्रकाशनाच्या मालिकेचं मोल इथे कळतं. शीर्षकातच ‘राधाचे’ नाही, ‘राधाचं’ आहे. छोटी राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, तीही मुलाच्या बोलीत. कथानक नावापुरतंच, तात्पर्य नाहीच. ज्या मुलाला आजी-आजोबा फक्त फोनच्या पडद्यावर दिसतात, त्याला त्यांचा घरातला सहज वावर इथे पाहायला मिळतो.

दुसरी अडचण वयाची. न्यू जर्सीतल्या आठ वर्षांच्या मुलाची मराठी अनेकदा पाच वर्षांच्या मुलाएवढी असते, पण बुद्धी आठ वर्षांचीच. शिशुवर्गाचं पुस्तक दिलं की मूल कंटाळतं. अशा वेळी पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’सारखं, गजबजलेल्या चित्रांचं पुस्तक उपयोगी पडतं, कारण वाक्यं मुलानेच करायची असतात. मूल ‘मोठा बादली’ म्हणालं, तर चूक न दाखवता ‘हो, मोठी बादली, आणि शेजारी मोठं ताट’ असं पुढे बोलत राहता येतं. इंग्रजीत विशेषण बदलत नाही, त्यामुळे ही चूक हमखास होते, आणि एकाच पानावर अनेक वस्तू असल्या की सरावही आपोआप होतो.

अनुवादित पुस्तकं मात्र पारखून घ्यावी लागतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015पासून मराठी गोष्टी मोफत मिळतात. त्या वाचनपातळीनुसार लावलेल्या असतात, पण अनुवाद अनेक हातांचे, म्हणून दर्जा सारखा नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांवर नजर ठेवली की अनुवाद लगेच उघडा पडतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. सोबतच्या मित्राला ‘चल, आम्ही बागेत जाऊ’ म्हणणारं पात्र मराठी नाही. तूलिका प्रकाशनाची द्विभाषिक पुस्तकं आई किंवा बाबा परभाषिक असलेल्या घरात सोयीची. पण वाचता येणाऱ्या मुलाची नजर इंग्रजी ओळीकडेच जाते, तेव्हा ती ओळ हाताने झाकून वाचलेलं बरं.

छपाईही तपासावी. पडद्यावरच्या अनेक टंकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. आजीने पाठवलेल्या पुस्तकात तीच अक्षरं मराठी वळणाची दिसली, की नुकतं वाचू लागलेलं मूल तिथेच अडखळतं.