दसऱ्याचा दिवस आणि दशमीचा अपराह्ण

जुनीं पत्रें छापतांना संपादकाच्या हातून एक दुरुस्ती सहज होऊन जाते. मूळ पत्रांत ‘दसरा, मंदवार’ असें असतें. जंत्रींत आश्विन शुद्ध १० समोर रविवार दिसतो. आणि संपादक तळटीपेंत ‘वार चुकला आहे’ असें लिहून पुढें जातो. कधीं पत्राची मिति आश्विन शुद्ध ९ असते आणि मजकुरांत ‘आज दसरा’ असें येतें. तेथें मितीच चुकीची ठरवून कंसांत १० हा आंकडा घातला जातो. ह्या दोन्ही दुरुस्त्यांच्या मुळाशीं एकच समजूत आहे. ती अशी कीं, जंत्रींत ज्या दिवसासमोर दशमी छापिली आहे तोच दिवस दसऱ्याचा. ही समजूत धर्मशास्त्रास धरून नाहीं, आणि तिच्या भरंवशावर केलेल्या दुरुस्तीनें मुळांत शुद्ध असलेलें पत्र अशुद्ध होतें, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

जंत्री प्रत्येक दिवसास एकच तिथि देते, आणि ती त्या दिवशींच्या सूर्योदयाची असते. व्यवहारास हें पुरेसें आहे. परंतु तिथि सूर्योदयाबरोबर सुरू होत नाहीं कीं सूर्योदयाबरोबर संपतही नाहीं. ती दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही क्षणीं बदलते. म्हणून एखाद्या तिथीस सांगितलेलें कृत्य कोणत्या दिवशीं करावें हा प्रश्न उत्पन्न होतो, आणि त्याचें उत्तर निबंधकारांनीं बहुतेक ठिकाणीं एकाच न्यायानें दिलें आहे: कृत्याचा जो काळ, त्या काळीं ती तिथि असावी. रामनवमीस मध्याह्न पाहावयाचा, जन्माष्टमीस मध्यरात्र पाहावयाची, तसा विजयादशमीस अपराह्ण.

अपराह्ण म्हणजे ‘दुपारनंतर केव्हां तरी’ असा सैल अर्थ येथें घेऊं नये. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे पांच समान भाग करावे: प्रातःकाळ, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न. त्यांतील चौथा भाग तो अपराह्ण. दिनमान तीस घटिकांचें धरिल्यास तो सूर्योदयानंतर अठराव्या घटिकेपासून चोविसाव्या घटिकेपर्यंत येतो. दसऱ्याचीं जीं मुख्य कृत्यें, म्हणजे ईशान्येस गांवाबाहेर जाऊन करावयाचें शमीपूजन, अपराजितापूजन आणि सीमोल्लंघन, तीं ह्या भागांत सांगितलीं आहेत. दिवसाच्या पंधरा मुहूर्तांतील अकरावा मुहूर्त प्रस्थानास विजय देणारा मानिला आहे, तोही ह्याच भागांत पडतो. दसऱ्याच्या सकाळीं करावें असें जें कांहीं आहे तें गौण होय. दिवस ठरतो तो सीमोल्लंघनाच्या वेळेवरून. सकाळीं सूर्योदयास दशमी असून सीमोल्लंघनाच्या वेळीं एकादशी लागली, तर तें सीमोल्लंघन दशमीचें कसें म्हणावें, हा ह्यांतला प्रश्न आहे.

कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु (इ. स. १६१२) आणि काशीनाथ उपाध्याय यांचा धर्मसिंधु (शके १७१२) हे दोन ग्रंथ ह्या बाबतींत महाराष्ट्रांत विशेष चालतात. धर्मसिंधूंतील निर्णयाचा सारांश असा. दशमी एकाच दिवशीं अपराह्णीं असेल तर तो दिवस घ्यावा. दोन्ही दिवशीं असेल, किंवा दोन्ही दिवशीं नसेल, तर पहिला दिवस घ्यावा. कारण अपराह्ण मुख्य काळ असला तरी प्रदोष हा गौण काळ आहे, आणि तो पहिल्या दिवशींच दशमीस अधिक मिळतो. मात्र श्रवण नक्षत्राचा योग दोहोंपैकीं एकाच दिवशीं असेल तर त्या दिवसाचें पारडें जड होतें. ह्याच श्रवणामुळें एक अपवादही सांगितला आहे. पहिल्या दिवशींच अपराह्णीं दशमी असली, परंतु दुसऱ्या दिवशीं सूर्योदयानंतर ती निदान तीन मुहूर्त टिकून अपराह्णापूर्वीं संपत असली, आणि श्रवण मात्र दुसऱ्याच दिवशीं अपराह्णास असलें, तर दुसरा दिवस घ्यावा.

हे नियम कसे लागू पडतात तें अलीकडील दोन वर्षांवरून पाहूं. कारण त्या वर्षांच्या तिथींचे क्षण निश्चित आहेत आणि दसरा कोणत्या दिवशीं झाला हेंही सर्वांस ठाऊक आहे.

सन २०२४ मध्यें नवमी १२ आक्टोबर, शनिवारीं सकाळीं १० वाजून ५८ मिनिटांनीं संपली आणि दशमी लागली. ती रविवारीं सकाळीं ९ वाजून ८ मिनिटांनीं संपली. पुण्यास शनिवारीं सूर्योदय सुमारें ६-२८ ला आणि सूर्यास्त सुमारें ६-१३ ला होता. म्हणजे दिनमान ११ तास ४५ मिनिटें, त्याचा पांचवा भाग २ तास २१ मिनिटें, आणि अपराह्ण दुपारीं १-३१ पासून ३-५२ पर्यंत. शनिवारीं हा सर्व काळ दशमींत होता. रविवारीं सूर्योदयास दशमी होती खरी, परंतु अपराह्णीं तिचा लेशही नव्हता. आतां अपवाद पाहावा. रविवारीं दशमी सूर्योदयानंतर २ तास ३९ मिनिटें टिकली, आणि तीन मुहूर्त म्हणजे त्या दिवशीं २ तास २१ मिनिटें; तेव्हां अपवादाची पहिली अट पुरी झाली होती. परंतु श्रवण नक्षत्र रविवारीं पहाटे ४-२७ लाच संपलें होतें. दुसरी अट पुरी न झाल्यामुळें अपवाद लागू पडला नाहीं, आणि महाराष्ट्रांत दसरा शनिवारीं झाला. त्याच शनिवारीं सूर्योदयाची तिथि नवमी होती. म्हणजे सकाळीं खंडेनवमीचें शस्त्रपूजन आणि दुपारीं सीमोल्लंघन हीं एकाच दिवशीं आलीं. जंत्रीच्या पद्धतीनें हा दिवस आश्विन शुद्ध ९, मंदवार. आरंभीं सांगितलेल्या पत्राची स्थिति हुबेहूब हीच आहे, आणि त्यांत चुकलेलें कांहींच नाहीं.

सन २०१८ चें उदाहरण याहून नाजूक आहे. त्या वर्षीं दशमी १८ आक्टोबर, गुरुवारीं दुपारीं ३-२८ ला लागली आणि शुक्रवारीं सायंकाळीं ५-५७ ला संपली. पुण्यास गुरुवारचा अपराह्ण सुमारें ३-४९ पर्यंत होता. म्हणजे दशमीस त्यांतील वीस-एकवीस मिनिटेंच मिळालीं. शुक्रवारीं अपराह्ण सबंध दशमींत होता. केवळ व्याप्ति मोजली तर शुक्रवार सरस दिसेल. परंतु श्रवण बुधवारीं रात्रीं लागून गुरुवारच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळांत संपलें; शुक्रवारच्या दिवसास तें नव्हतें. दशमीनें अपराह्णाच्या एका भागास स्पर्श केला तरी श्रवणाचा विचार लागू पडतो, म्हणून महाराष्ट्रांत दसरा गुरुवारीं १८ तारखेस झाला. उत्तर हिंदुस्थानांत रावणदहन पुष्कळ ठिकाणीं शुक्रवारीं १९ तारखेस झालें.

येथें दिवसांची मोजणीही पाहण्यासारखी आहे. २०२४ मध्यें घटस्थापना ३ आक्टोबरास झाली, तृतीयेची वृद्धि झाली, आणि दसरा दहाव्या दिवशीं आला. २०१८ मध्यें घटस्थापना १० आक्टोबरास झाली, आणि दसरा नवव्याच दिवशीं आला. दोन्ही वर्षीं दसऱ्याच्या सूर्योदयास नवमीच होती. तेव्हां ‘नवरात्राच्या नवव्या दिवसानंतर दसरा’ ह्या वाक्याचा अर्थ नऊ दिवस मोजून दहावा दिवस असा नव्हे, किंवा नवमीची मिति पडलेल्या दिवसाचा दुसरा दिवस असाही नव्हे. नवमी तिथि संपून दशमीनें गांठलेला अपराह्ण, एवढाच त्याचा अर्थ.

पत्रें तपासणाऱ्यास ह्यावरून एक सोपी कसोटी करितां येते. हस्तलिखित पंचांगांत तिथीपुढें जे घटी-पळांचे आंकडे असतात ते तिथि सूर्योदयानंतर केव्हां संपते तें दाखवितात. तेथें दशमीचा आंकडा पाहण्याआधीं नवमीचा पाहावा. नवमी बारा घटिकांच्या आंत संपत असेल, तर दशमीचा अपराह्ण बहुधा त्याच दिवशीं मिळतो, आणि श्रवणाचा अपवाद नसेल तर दसरा तोच. नवमी चोवीस घटिकांच्या पुढें जात असेल तर दसरा दुसऱ्या दिवशीं. ह्या दोहोंच्या मधला आंकडा असल्यास श्रवण पाहिल्यावांचून मत देऊं नये. २०२४ मधील नवमी पुण्यास सुमारें ११ घटी १५ पळें होती, म्हणून निर्णय सरळ झाला. २०१८ मधील सुमारें २२ घटी २७ पळें, म्हणून श्रवणाकडे जावें लागलें. पंचांग हातीं नसेल तेथें स्वामिकन्नू पिल्ले यांच्या कोष्टकांतून तिथि संपण्याचा क्षण काढितां येतो. नुसत्या तिथि-वार-तारखांच्या जंत्रीवरून हें काम होणार नाहीं.

ह्या कसोटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. पेशवाईंतील पंचांगें मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून (शके १४४२) होत. त्यांतील तिथीचा क्षण आणि आजच्या सूक्ष्म गणिताचा क्षण यांत कांहीं घटिकांचा फरक पडूं शकतो. नवमी बाराच्या बरीच आंत किंवा चोविसाच्या बरीच पुढें असेल तर ह्या फरकानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु २०१८ सारख्या वर्षीं, जेथें दशमीच्या वांट्यास अपराह्णाची एक घटिकाही आली नाहीं, तेथें जुन्या गणितानें दिवस उलट ठरला असेल, हें संभवनीय आहे. अशा ठिकाणीं गणितानें पत्र सुधारूं नये. पत्रावरून त्या वेळचें पंचांग ओळखावें. पत्रांत वार असेल तर तो सर्वांत बळकट पुरावा, कारण वार गणितपद्धतीनें बदलत नाहीं. त्याखालोखाल ‘छ’ लावून दिलेला मुसलमानी महिन्याचा चंद्र. तो तिथीसारखा क्षय-वृद्धि पावत नाहीं, परंतु चंद्रदर्शनामुळें एका दिवसानें मागेंपुढें होऊं शकतो. पत्र कोठून लिहिलें हेंही पाहावें, कारण २०१८ प्रमाणें एकाच वर्षीं दोन प्रांतांचे दसरे दोन दिवशीं पडूं शकतात.

ह्या एका दिवसाचें महत्त्व कशांत आहे असें कोणी विचारील, तर उत्तर साधें आहे. मोहिमेच्या कागदांत मुक्कामांची गणना पुष्कळदां दसऱ्याच्या प्रस्थानापासून चालते. तें प्रस्थान संपादकानें एक दिवस पुढें ढकललें कीं पुढील प्रत्येक मुक्काम ढकलला जातो, आणि मग दुसऱ्या बाजूच्या अखबारांशीं मेळ बसेना म्हणजे तीं अखबारेंही चुकीचीं ठरूं लागतात. म्हणून नकल करणाऱ्यानें मिति, वार आणि ‘दसरा’ हा शब्द तिन्ही जसेच्या तसे उतरून घ्यावे, आणि त्यांत विरोध दिसला तर कारकुनास दोष देण्यापूर्वीं त्या वर्षींची नवमी किती घटिका होती तें पाहावें.