जिथे ‘दा कापो’ लिहून भागत नाही

पाश्चात्त्य संगीताच्या रचनाबंधावरील चाचणीत एक प्रश्न हमखास असतो. एक रचना ऐकवतात किंवा तिची स्वरलिपी समोर ठेवतात आणि विचारतात, ही त्रिखंडी, रॉन्डो, की सोनाटा-रॉन्डो? उत्तर अक्षरांत द्यायचे. त्रिखंडी म्हणजे अ-ब-अ, रॉन्डो म्हणजे अ-ब-अ-क-अ, सोनाटा-रॉन्डो म्हणजे अ-ब-अ-क-अ-ब-अ. अक्षरे जुळली की गुण मिळतात. माझा आक्षेप या अक्षरांनाच आहे. कोणती धून परत आली एवढेच ती सांगतात, ती कोणत्या पट्टीत परत आली हे सांगत नाहीत. आणि सोनाटा-रॉन्डोचा सगळा जीव तर त्या पट्टीत आहे.

आपल्या कानाला हे थोडे अवघड जाते, त्याला कारण आहे. अभंगाचे ध्रुपद दर कडव्यानंतर परत येते, बंदिशीचा मुखडा समेवर परत येतो. पण या सगळ्या वेळात तंबोऱ्याचा षड्ज हलत नाही. अठराव्या शतकातल्या युरोपीय रचनेत मात्र षड्जच प्रवासाला निघतो. मूळ पट्टी हे घर, तिथून बाहेर पडायचे आणि परत यायचे. त्यामुळे ‘परत येणे’ याचे तिथे दोन अर्थ होतात: धून परत येणे आणि पट्टी परत येणे. बहुतेक वेळा दोन्ही बरोबरच घडतात. सोनाटा-रॉन्डोतल्या एका जागी मात्र त्यांची फारकत होते.

आधी त्रिखंडी रचना. बीथोव्हनच्या ओपस २ मधल्या पहिल्या पियानो सोनाटातला मिन्युएट घ्या. मिन्युएट एफ मायनरमध्ये आहे, मधला ट्रायो एफ मेजरमध्ये, आणि ट्रायो संपल्यावर पानावर ‘दा कापो’ अशी सूचना: पहिल्यापासून पुन्हा वाजवा. तिसरा खंड पुन्हा छापायची गरजच पडत नाही, कारण तो पहिलाच आहे. विद्यार्थी येथे एका ठिकाणी फसतात. मिन्युएटच्या आतही सुरुवातीची धून, थोडे वेगळे काही आणि पुन्हा सुरुवातीची धून असा छोटा फेरा असतो, शिवाय त्याच्या पुनरावृत्त्या होतात. कान प्रत्येक पुनरागमन मोजू लागतो, पाच-सहा वेळा ‘अ’ लिहिला जातो आणि उत्तर येते ‘रॉन्डो’. उपाय सोपा आहे. पूर्ण विराम घेऊन थांबणारे, स्वतःच्या पायावर उभे राहणारे मोठे खंड तेवढे मोजायचे. आतल्या फेऱ्याला मोठे अक्षर द्यायचे नाही.

रॉन्डो आणि सोनाटा-रॉन्डो यांच्यासाठी एकच रचना पुरेशी आहे, १७९९ साली प्रसिद्ध झालेला ‘पाथेटिक’ सोनाटा, ओपस १३. त्याचा दुसरा भाग साधा रॉन्डो आहे आणि तिसरा सोनाटा-रॉन्डो.

दुसरा भाग संथ आहे, ७३ बारांचा. रॉन्डो म्हणजे जलद आणि खेळकर शेवट, असे पाठ केलेला विद्यार्थी याला डोळे मिटून त्रिखंडी म्हणतो. पण मोजून पाहा. ए फ्लॅट मेजरमधली आठ बारांची धून, मग तीच एक सप्तक वर. १७ व्या बारला एफ मायनरमध्ये नवा खंड सुरू होतो. २९ व्या बारला धून परत येते, या वेळी एकदाच. ३७ पासून ए फ्लॅट मायनरमधला, खालच्या सुरावटीने वरच्या सुरावटीला उत्तर देणारा दुसरा वेगळा खंड, साथीला त्रिके. ५१ व्या बारला धून पुन्हा येते, पण त्रिके आता तिच्याखाली चालूच राहतात. धून तीनदा आली, मधले खंड दोन आणि एकमेकांपासून वेगळे. हा रॉन्डो झाला. एफ मायनरमधला तो खंड पुन्हा कधीच ऐकू येत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

तिसरा भाग सी मायनरमध्ये आहे, २१० बारांचा. ‘अ’ संपल्यावर एक छोटा सांधा येतो आणि २५ व्या बारच्या सुमारास ‘ब’ सुरू होतो, ई फ्लॅट मेजरमध्ये. सोनाटात दुसरा विषय ज्या पट्टीत यावा अशी अपेक्षा असते तीच ही पट्टी. ६० च्या पुढे ‘अ’ परततो. ७९ च्या आसपास ‘क’ येतो, ए फ्लॅट मेजरमध्ये, शांत, दोन्ही हातांच्या सुरावटी एकमेकींत विणलेला. त्यानंतर जी या स्वरावर बराच वेळ ताणून धरलेली तयारी, आणि १२१ व्या बारला पुन्हा ‘अ’. इथवर साधा रॉन्डोच म्हणता येईल.

मग १३४ च्या आसपास ‘ब’ परत येतो, पण ई फ्लॅटमध्ये नाही, सी मेजरमध्ये. धून तीच, घर मूळचे, फक्त मायनरऐवजी मेजर. सोनाटा पद्धतीत जे एकदा परक्या पट्टीत मांडले ते शेवटी मूळ पट्टीत आणून सोडावे लागते. ‘ब’ने ते देणे येथे चुकते केले आहे. म्हणून तर याला सोनाटा-रॉन्डो म्हणायचे. १७१ व्या बारला ‘अ’ येतो आणि मेजरचा उजेड पुन्हा मायनरमध्ये विरतो.

काही अभ्यासक या रचनेला मोठी त्रिखंडी मानतात: पहिले अ-ब-अ हा एक खंड, ‘क’ मधला, दुसरे अ-ब-अ तिसरा. अक्षरांकडे पाहिले तर हरकत घेता येत नाही, आरशातल्यासारखी ती दोन्हीकडून सारखीच दिसतात. पण मिन्युएटची कसोटी लावून पाहा. ‘क’ संपल्यावर बीथोव्हनला ‘दा कापो’ लिहून थांबता आले असते का? नाही. तसे केले असते तर ‘ब’ दुसऱ्यांदाही ई फ्लॅटमध्येच आला असता आणि देणे तसेच राहिले असते. तिसरा खंड त्याला नव्याने लिहावाच लागला. त्रिखंडी रचनेत शेवटचा खंड पहिल्याची आठवण असतो, येथे तो पहिल्यावरचा निकाल आहे.

उलट बाजूने काटेकोर मंडळी म्हणतात, खऱ्या सोनाटा-रॉन्डोत ‘क’च्या जागी आधीच्या विषयांचा विस्तार हवा, आणि येथे तर ‘क’ नवीनच धून आहे. ही गोष्ट खरी आहे. अनेक सोनाटा-रॉन्डोंमध्ये तिथे विस्तार असतोही. पण एवढ्यासाठी नाव काढून घ्यावे असे मला वाटत नाही. मधे विस्तार असला आणि ‘ब’ मूळ पट्टीत परतलाच नाही, तर ते नाव द्यायला मी जास्त कचरेन. त्यामुळे चाचणीत वेळ थोडा असेल तर ‘क’वर डोके खपवू नये. सरळ दुसऱ्या ‘ब’वर जावे आणि त्याची पट्टी पाहावी. स्वरलिपी समोर असेल तर डावीकडच्या फ्लॅटच्या खुणांवर मात्र विसंबू नये. सी मायनर आणि ई फ्लॅट मेजर या दोहोंनाही तीनच फ्लॅट असतात. धून विरामाला कोणत्या स्वरावर टेकते ते पाहावे, उत्तर तिथे मिळते.

शेवटच्या काही बारांत एक जागा आहे, ती कोणत्याच अक्षरात बसत नाही. सगळे देणे फिटल्यावर, रचना संपता संपता, ‘अ’चा पहिला तुकडा हळूच ए फ्लॅट मेजरमध्ये ऐकू येतो. ही ‘क’ची पट्टी, आणि दुसऱ्या संथ भागाचीही. क्षणभर वाटते की आणखी एक फेरा सुरू होणार. आणि मग उजवा हात मोठ्या आवाजात वरून थेट सी मायनरमध्ये खाली कोसळतो.