फोटोतला घाट

कोजागरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजाभवानीला पायी निघालेल्या माणसाला बराच वेळ पायाखाली माळरानच लागते, आणि शेवटी तुळजापूरचा घाट पोटऱ्यांशी बोलू लागतो. हेच संभाषण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशावर तपकिरी शाईत मांडलेले असते. सोलापूर शहराच्या ४७ ओ/१४ या पत्रकावर समोच्चरेषा एकमेकींपासून दूर, सैलसर भटकतात. बालाघाटाची कड आली की त्याच रेषा अंग चोरून जवळ येतात. ही दाटी पाहताच आपल्याला चढ ‘दिसतो’. तो किती, हे मात्र मोजावे लागते, आणि आपल्या हाती कागद नसून कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला त्याचा फोटो असला, की त्या मोजण्याला निराळीच गंमत येते.

समासात १ : ५०,००० असे अंकप्रमाण छापलेले असते. कागदावर ते अक्षरशः खरे असते, १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर. फोटोत मात्र ते केवळ एका कागदाची आठवण बनून राहते, कारण चित्र आक्रसते, फुगते, बोटांच्या चिमटीने मोठे होते आणि छापलेला आकडा जागचा हलत नाही. त्याच्याच शेजारी असलेली साधीशी काळी-पांढरी रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशाबरोबर आक्रसते आणि नकाशाबरोबर फुगते. संकटात सोबत करणाऱ्या या पट्टीवर माझा फार जीव आहे.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत. पट्टीवरचे २ किलोमीटर पडद्यावर ३.२ सेंटीमीटर भरले, म्हणजे इथला १ सेंटीमीटर ६२५ मीटरांचा झाला. घाटाचा पायथा आणि माथा यांत २.४ सेंटीमीटर अंतर आहे, अर्थात १,५०० मीटर. (दोन्ही मोजण्यांच्या मध्ये चित्र लहानमोठे करायचे नाही, एवढे पथ्य.) पायथा ५२०च्या रेषेवर, माथा ६४०च्या. दर पाचवी रेषा जाड असते, ती १००च्या पटीतली, म्हणून ६००ची रेषा चटकन हाती लागते आणि तिथून वर-खाली मोजता येते. इथे हात घसरतो तो वेगळ्याच ठिकाणी: रेषा सात आहेत, पण चढायची घरे सहा. समोच्चरेषांतर २० मीटरांचे, म्हणून उंची १२० मीटर. सातांनी गुणणारा १४० मीटर चढून मोकळा होतो.

१२० भागिले १,५०० म्हणजे शंभरास आठ, किंवा साडेबारा मीटर चालल्यावर एक मीटर चढ. कोनात सुमारे साडेचार अंश. छापील अंकप्रमाणावर विसंबलो असतो तर अंतर १,२०० मीटर आले असते आणि चढ शंभरास दहा. डोंगर तोच, पण फोटो लहान झाला म्हणून उभा राहिलेला.

मात्र ही सरासरी आहे, आणि सरासरीला चव नसते. त्या सहा घरांपैकी वरची चार अवघ्या ०.८ सेंटीमीटरात दाटली असतील, तर तिथे ५०० मीटरांत ८० मीटर, म्हणजे शंभरास सोळा; खालच्या १,००० मीटरांत फक्त चार. पायथ्याशी गप्पा मारत निघालेली मंडळी माथ्याजवळ गप्प का होतात, ते या दाटीत वाचता येते.

फोटो तिरका काढला असेल तर पट्टीही पुरेशी नाही. ती कागदाच्या खालच्या कडेला असते. कॅमेरा त्या बाजूला झुकला की ती लांब दिसते, दूरचा घाट त्यामानाने आखूड वाटतो आणि चढ फुगतो. अशा वेळी घाटाजवळच्या अक्षांश-रेखांशांकडे वळावे. आपल्या या भागात पाच मिनिटांचे अक्षांशाचे अंतर सुमारे ९.२ किलोमीटर आणि रेखांशाचे सुमारे ८.८ किलोमीटर असते, म्हणून त्यांचा चौकोन उंचीला रुंदीपेक्षा किंचित जास्त दिसायला हवा. त्याच्या समोरासमोरच्या बाजू ठळकपणे असमान दिसल्या, की फोटो वाकडा आहे हे समजावे, आणि मोजण्यासाठी जवळचीच बाजू घ्यावी.

मग उरते ती घाटरस्त्याची नागमोडी रेघ, या सगळ्यातली सर्वांत रसाळ गोष्ट. आपण मोजलेला चढ सरळ रेषेतला. गाडीला तो पेलत नाही. डोंगराळ भागातल्या रस्त्याला साधारणपणे विसास एक एवढाच चढ धरतात, म्हणजे आपले १२० मीटर चढायला २,४०० मीटर रस्ता हवा, आणि जागा आहे १,५०० मीटरांची. उरलेले ९०० मीटर कुठून आणायचे? ओला दोरा त्या रेघेवरून वळणावळणाने ठेवत जावा आणि मग पट्टीवर सरळ ताणावा. दोऱ्याची जी जास्तीची लांबी हाती येते, तीच ती वळणे.