चित्रात दिसते त्याप्रमाणे

नाशिक जिल्ह्यातल्या किल्ल्यांवरचे एक ईपुस्तक गेल्या वर्षी माझ्याकडे आले. मनमाडला आमच्या शेजारी राहणारे आप्पा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. काचबिंदूने त्यांची नजर गेली. त्यांना त्यातले अंकाई-टंकाईचे प्रकरण ऐकायचे होते. मोबाइलमधला स्क्रीन रीडर सुरू केला, तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची बडबड ऐकू आली. "अरे, पुस्तक मराठीच आहे ना?" आप्पांनी विचारले.

पुस्तक मराठीच होते, पण ते फक्त डोळ्यांपुरते. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला होता. अशा फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असतात. पडद्यावर 'किल्ला' दिसतो, आत मात्र भलतीच इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात आणि यंत्र तीच उच्चारते. युनिकोडमध्ये तयार केलेल्या पीडीएफमध्येही कधी कधी पहिली वेलांटी अक्षराच्या आधी सरकते. हे तपासायला यंत्र लागत नाही. एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावी. तिथे जे उमटेल तेच अंध वाचकाला ऐकू येणार.

मी ते पुस्तक युनिकोडमध्ये बदलून ईपब स्वरूपात नव्याने बांधले. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अपंग वाचकासाठी अशी सुगम प्रत करू देतो. फाँट बदलताना रफार आणि जोडाक्षरे घसरली होती, त्यामुळे सगळा मजकूर पुन्हा वाचावा लागला. भाषा मराठी असल्याचे फाइलमध्ये नोंदवणेही आवश्यक होते, नाहीतर वाचणारा आवाज हिंदी निवडला जातो आणि आपल्या च-ज चे दोन उच्चार एकाच साच्यात जातात.

मथळ्यांचे प्रकरण वेगळेच निघाले. मूळ फाइलमध्ये ते नुसते मोठ्या, ठळक अक्षरांत होते. डोळ्याला तो मथळा वाटतो, यंत्राला ती आणखी एक ओळ. खरा मथळा फाइलमध्ये मथळा म्हणून सांगावा लागतो, पातळीसकट: प्रकरणाला पहिली, किल्ल्याला दुसरी. मग आप्पा एका किल्ल्यावरून पुढच्यावर उडी मारू शकतात. आधी त्यांना अंकाईपर्यंत पोचायला सगळे किल्ले ऐकत यावे लागले असते.

आप्पांच्या पत्नीला थोडे दिसते. त्यांना अक्षर मोठे करून वाचायचे असते. पीडीएफ मोठी केली की पानच रुंद होते आणि प्रत्येक ओळीला बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकावे लागते. ईपबमध्ये ओळी नव्याने जुळतात. मात्र ओळींमधले अंतर ठरावीक मापात बांधलेले असेल, तर अक्षर वाढवताच वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. म्हणून मी ते अंतर अक्षराच्या प्रमाणात ठेवले.

खरी परीक्षा छायाचित्राची. या प्रकरणात एकच छायाचित्र होते, खाली 'अंकाई-टंकाई' एवढीच ओळ. मजकुरात मात्र लेखक म्हणतो की, चित्रात दिसते त्याप्रमाणे दोन्ही किल्ल्यांना मिळून एकच तटबंदी आहे. म्हणजे युक्तिवादाचा पुरावा चित्रावर टाकलेला. 'डोंगराचे चित्र' असे वर्णन लिहून सुटता येणार नव्हते. मी फोटोत जे होते ते लिहायला बसलो:

```
<h2>अंकाई-टंकाई</h2>
<img src="ankai.jpg" alt="सपाट माथ्याचे
दोन शेजारी डोंगर, मध्ये खिंड. पुढे
रेल्वेचे रूळ. तटबंदी दिसत नाही."/>
```

शेवटचे वाक्य मी दोनदा खोडले. चित्राच्या वर्णनात, दिसत नाही ते सहसा लिहू नये. पण इथे मजकूरच वाचकाला 'पाहा' म्हणतो आणि तटबंदी फोटोत खरोखरच नाही. जोड-तटबंदी ही गोष्ट खरी आहे, ती जाणकारांना ठाऊक आहे. छायाचित्र मात्र दुसऱ्या बाजूने, रुळांवरून काढलेले. डोळस वाचक, मीसुद्धा, मजकूर वाचून फोटोवर नजर टाकतो आणि तट 'पाहून' पुढे जातो. वर्णन लिहिताना पाहिल्याचे भान ठेवावे लागते. पुस्तकाची ही उणीव पुनर्वाचनात मला कधी कळली नसती. शोभेच्या वेलबुट्टीचे वर्णन मात्र मी मुद्दाम रिकामे ठेवले, `alt=""`, म्हणजे यंत्र ती ओलांडून जाते. ती ऐकायला लावणे हा निव्वळ त्रास झाला असता.

आप्पांनी प्रकरण ऐकले, वर्णनापाशी थांबून पुन्हा ऐकले. नोकरीच्या काळात ते डोंगर त्यांनी गाडीतून शेकडो वेळा पाहिले होते. म्हणाले, "रुळांवरून तट नाहीच दिसणार. मग तो दिसतो कुठल्या बाजूने?"

पुस्तकात त्याचे उत्तर नाही. प्रश्न मी लेखकाला कळवला आहे.