प्रमाणपत्राचे छायाचित्र आणि अभिनंदनाचे शब्द

अभिनंदन हा आपल्या समाजातील एक जुना वाङ्मयप्रकार आहे. पण त्याची समीक्षा करण्याचे कोणी मनावर घेतलेले दिसत नाही. ग्रंथ निघाला की त्याचे परीक्षण होते, नाटक झाले की दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर चार जण नाके मुरडतात. परंतु कुणाला पदवी मिळाली म्हणून लिहिलेल्या दोन ओळी चिकित्सेने वाचण्याचे कारणच काय, अशी सर्वांची समजूत असते. सद्भावनेला दोष कोण देणार? दोष सद्भावनेला द्यावयाचा नाहीच. प्रश्न आहे तो भाषेचा, आणि त्याहूनही अधिक, वाचनाचा. कारण हल्ली पदवीची वार्ता पत्राने येत नाही, ती छायाचित्राने येते. आणि छायाचित्र आपण पाहतो, वाचीत नाही.

एक उदाहरण घेऊ. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाच्या महाजनमंडळींत भ्रमणध्वनीवरून असे एक छायाचित्र आले. देवघरासमोरील चौरंगावर चौकटीत बसविलेले प्रमाणपत्र, त्यावर झेंडूची माळ, बाजूला पितळी रंगाचा एक चषक आणि खाली एवढेच शब्द: ‘देवीच्या कृपेने आमच्या घरी हा आनंदाचा दिवस.’ छायाचित्र पाठविणारे गृहस्थ पन्नाशीचे. प्रमाणपत्रावर विद्यापीठाची मुद्रा दिसत होती, ‘बॅचलर ऑफ लॉज’ ही अक्षरे स्पष्ट होती, आडनाव व एक आद्याक्षर लागत होते. काचेवर समईचा उजेड पडल्यामुळे मधल्या दोन ओळी पुसल्यासारख्या झाल्या होत्या. चषकावर ‘अभिरूप न्यायालय स्पर्धा’ एवढे वाचता येत होते. त्याखालचा शब्द झेंडूच्या फुलाने झाकला होता.

तासाभरात तीसेक अभिनंदने आली. ती सर्व आम्ही वाचली, आणि साक्षीदारांच्या जबान्या वाचण्याची सवय असल्यामुळे असेल कदाचित, त्यांत अभिनंदनापेक्षा विधानेच अधिक आढळली. ‘चिरंजीव वकील झाले, आनंद वाटला.’ ‘ॲड. साहेबांचे अभिनंदन, आता देवस्थानाचे दावे घरच्या घरी!’ ‘प्रथम वर्ग मिळविल्याबद्दल शाबासकी.’ ‘स्पर्धेतील विजेतेपदाबद्दल कौतुक.’ कोकणीतून एकाने लिहिले होते, ‘आमचें चेडूं पास जालें, देव बरें करूं.’ म्हणजे एकाच कागदावरून कुणाला मुलगा दिसला, कुणाला मुलगी; वर्ग दिसला, विजय दिसला, व्यवसायही दिसला. कागदावर यांपैकी काहीही नव्हते.

वस्तुस्थिती अशी होती की ती पदवी त्या गृहस्थांच्या पत्नीची. वय सत्तेचाळीस, एका सरकारी कार्यालयात लिपिक, सकाळच्या वर्गांस जाऊन तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला. चषक उपविजेत्या संघाचा, तिघांच्या वाट्याचा.

आता यांतील ‘वकील’ या शब्दाकडे पाहू, कारण सर्वांत घसरगुंडी तेथेच आहे. कायद्याची पदवी मिळविणारा मनुष्य पदवीने कायद्याचा पदवीधर होतो. वकील होत नाही. पदवीचे प्रमाणपत्र विद्यापीठ देते, वकिलीची सनद राज्याची बार कौन्सिल देते, आणि या दोन दारांमध्ये चांगलेच अंतर आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे पदवीधराने कौन्सिलकडे अर्ज करावयाचा, तिच्या नोंदवहीत नाव चढवावयाचे. गोव्यातील पदवीधरास हा अर्ज महाराष्ट्र व गोवा यांच्या संयुक्त कौन्सिलकडे करावा लागतो, बेळगावच्या माणसास कर्नाटकाच्या. २०१० पासून त्यात आणखी एक पायरी आली: जे २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे पदवीधर झाले त्यांस अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते, तेव्हाच कायमचा व्यवसाय करता येतो. ही परीक्षा घेण्याचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियास आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. आणि या बाईंच्या बाबतीत तर पहिले दारच बंद होते. पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेल्यास, काही थोडे अपवाद सोडता, वकिली करता येत नाही, असा कौन्सिलचा नियम आहे. नोकरी सोडल्यावाचून ‘ॲड.’ हे उपपद त्यांच्या नावामागे लागणे शक्य नव्हते, आणि नोकरी सोडण्याचा त्यांचा विचारही नव्हता.

अभिनंदनात कुणी ‘ॲड.’ लिहिले म्हणून कायद्याने गुन्हा होत नाही, हे सांगून टाकतो. अधिकार नसताना न्यायालयात वकिली करणे हा गुन्हा आहे व त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण तो करणाराचा, शेजाऱ्याने कौतुक केल्याचा नव्हे. तथापि शब्द एकदा सुटला की कागदावर जाऊन बसतो. देवस्थानाच्या चिटणीसांनी तीच अभिनंदने पाहून वार्षिक अहवालाच्या मसुद्यात गुणगौरवाच्या यादीत ‘ॲड.’ घातले. तो मसुदा फिरत फिरत बाईंच्या कार्यालयातील एका सहकाऱ्यापर्यंत गेला, आणि परवानगीवाचून दुसरा व्यवसाय चालतो काय, अशी विचारणा वरिष्ठांनी तोंडी केली. ज्या पदवीचा आनंद साजरा करावयाचा तिच्याबद्दल खुलासा देण्याची पाळी यावी, यास काय म्हणावे? सगळे हितचिंतकच होते.

‘प्रथम वर्ग’ हे दुसरे अनुमान याहून सौम्य दिसते, पण बोचते अधिक. ज्यास द्वितीय वर्ग मिळाला आहे, त्याने या अभिनंदनास उत्तर काय द्यावे? मान्य केले तर खोटे, दुरुस्त केले तर आनंदावर पाणी. तो गप्प बसतो. विजेतेपदाचेही तसेच. चषकाच्या आकारावरून स्थान कळत नाही; उपविजेत्यांचा चषक पुष्कळदा विजेत्यांच्या चषकाच्याच साच्यातला, बोटभर लहान एवढाच असतो. शिवाय फिरता चषक असेल तर तो घरच्या चौरंगावर काही दिवसांचा पाहुणा. खालची पट्टी वाचल्यावाचून चषकाविषयी बोलू नये. आणि पट्टी फुलाने झाकली असेल तर? तर ‘चषक’ एवढेच म्हणावे.

लिंगाची अडचण मात्र खास आपल्या भाषांची आहे. मराठीत ‘उत्तीर्ण झाला’ किंवा ‘उत्तीर्ण झाली’ म्हटले की क्रियापदच निकाल देऊन मोकळे होते. कोकणी तर आणखी एक पाऊल पुढे टाकते: वयाने लहान मुलीविषयी ती नपुंसकलिंगी ‘तें’ वापरते, म्हणून ‘पास जालें’ या दोन शब्दांत केवळ मुलगीच नव्हे, तर तिचे कोवळे वयही गृहीत धरले जाते. सत्तेचाळीस वर्षांच्या गृहिणीस ते वाचून हसू आले म्हणतात. दुसऱ्या एखादीला आले नसते. परंतु याच मराठीने त्यावर उतारा ठेवला आहे. ‘ज्यांनी ही पदवी मिळविली त्यांचे अभिनंदन’ या वाक्यात आदरार्थी अनेकवचन आहे, आणि त्या आदराच्या आडोशास स्त्री, पुरुष, थोर, लहान, एकटा, संघ, सर्वांस जागा आहे. ‘चिरंजीव’ म्हणण्याची घाई नसेल तर हे वाक्य कुणासही सुचेल.

पूर्वी तारखात्याकडे शुभेच्छांची ठरीव वाक्ये असत. क्रमांक दिला की ते वाक्य तारेने जाई. परीक्षेतील यशाबद्दलचे वाक्यही त्यांत होते. ती सेवा २०१३ मध्ये बंद झाली. त्या वाक्यात कुणाचे लिंग, वर्ग वा व्यवसाय नसे, म्हणून ते कधी चुकत नसे. परंतु ते कोणत्याही परीक्षेस लागू पडे, म्हणून कुणाच्याच परीक्षेचे नसे. सावधपणाची ही दुसरी टोकाची रीत आम्हांस पसंत नाही. तिसरी एक रीत आमच्या व्यवसायबंधूंची: ‘प्रमाणपत्रावरील मजकूर खरा असल्यास अभिनंदन.’ असले वाक्य लिहिणाराने नोटिसाच लिहाव्यात.

या तीसांत एक उत्तर निराळे होते. लिहिणारे निवृत्त शिक्षक. त्यांचे शब्द थोडक्यात असे होते: ‘बॅचलर ऑफ लॉज ही अक्षरे वाचली आणि फार बरे वाटले. कायद्याचा अभ्यास चिकाटीचा असतो. ज्यांनी तो केला त्यांचे मनापासून अभिनंदन. शेजारच्या अभिरूप न्यायालयाच्या चषकाची हकिकत सवडीने ऐकावयास आवडेल.’

दस्तऐवजातील मजकूर दस्तऐवजानेच शाबीत व्हावा, त्यात बाहेरून भर घालू नये, हा पुराव्याच्या कायद्यातील जुना दंडक आहे. १८७२ चा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला तरी तो टिकून आहे. शिक्षकांनी तो नकळत पाळला. जे वाचता आले त्याचे नाव घेतले, म्हणून त्यांचे अभिनंदन तारेच्या वाक्यासारखे पोकळ नाही. पुसट ओळींविषयी चकार शब्द काढला नाही. आम्हांस विशेष वाटते ते त्यांच्या प्रश्नाचे. ‘वर्ग कोणता?’ असे त्यांनी विचारले नाही. तो प्रश्न निर्दोष दिसतो, पण त्यास एकच शब्दाचे उत्तर असते आणि ते देणे कधीकधी जड जाते. ‘कितवा क्रमांक?’ असेही नाही. ‘हकिकत’ म्हटले की सांगणारा आपल्यास हवे तेथून सुरू करतो, नको ते गाळतो, किंवा गप्पही राहू शकतो. ‘सवडीने’ या शब्दाने तर उत्तराचे देणेही उरत नाही. एक हरकत आम्ही नोंदवू: ‘चिकाटी’ हेही अनुमानच आहे. पण तीन वर्षे त्या पुस्तकांशी झगडलेल्या माणसास ती नाकारण्याचे धाडस आमच्याने होणार नाही.

बाकीच्या एकोणतीस जणांस गृहस्थांनी हात जोडल्याची एकच खूण पाठविली. शिक्षकांस मात्र रात्री बाईंनी स्वतः लिहिले. संघात तिघे होते. दोघे बोलणारे, तिसऱ्याकडे निवाडे शोधून मसुदा लिहिण्याचे काम. तिसऱ्या त्या होत्या. कार्यालयातून आल्यावर, स्वयंपाक आटोपून, त्या रात्री निवाडे काढीत. अंतिम फेरीत न्यायाधीशांनी एका निवाड्याचा संदर्भ विचारला तेव्हा बोलणारा मुलगा अडखळला, त्यांनी मागून चिठ्ठी सरकविली. तरी संघ हरला. चषक तिघांत फिरतो, या महिन्यात त्यांच्याकडे आहे. हे सर्व त्यांनी लिहिले, आणि शेवटी विचारले, अहवालातील ते ‘ॲड.’ काढून टाकण्यास चिटणीसांस कोण सांगेल. शिक्षकांनीच सांगितले. छापील अहवालात आता त्यांच्या नावापुढे ‘कायद्याच्या पदवीधर’ असे आहे.