कमी झोप आणि टेस्टोस्टेरॉन: १० जणांचा एक पेपर नीट वाचताना

"आठवडाभर पाच तास झोपलात तर टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरतं" हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. त्याचा उगम राशेल लेप्रू आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या शिकागो विद्यापीठातल्या पेपरमध्ये आहे. 'जामा'मध्ये २०११ साली आलेला हा पेपर जेमतेम दोन पानांचा आहे. तो चांगला आहेच, पण त्यातून जे सिद्ध होत नाही तेही लोक त्याच्या नावावर खपवतात. म्हणून आज त्याची चिरफाड.

आधी प्रयोग समजून घेऊ. सरासरी २४ वर्षांचे १० निरोगी पुरुष. प्रयोगशाळेत आधी तीन रात्री १० तास झोपायची मुभा, मग सलग आठ रात्री फक्त पाच तास, रात्री साडेबारा ते पहाटे साडेपाच. दोन्ही टप्प्यांत एकेकदा २४ तास, दर १५ ते ३० मिनिटांनी रक्त घेतलं. मला या पेपरमधली ही सगळ्यात भक्कम गोष्ट वाटते. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं, उठायच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. एकाच नमुन्यावरून या आलेखाबद्दल काही बोलणं धोक्याचं.

सकाळी ८ ते रात्री १० या वेळेतली सरासरी १८.४ वरून १६.५ नॅनोमोल प्रति लिटरवर आली. दुपारी २ नंतर फरक आणखी मोठा होता: १७.९ विरुद्ध १५.५. शिवाय या मुलांनी स्वतः सांगितलेल्या उत्साहाचा सरासरी गुण पहिल्या रात्रीनंतर २८ होता, तो सातव्या रात्रीनंतर १९ झाला.

आता अडचणी. दिवसभराच्या फरकाची पी-व्हॅल्यू ०.०४९ आहे. माणसं १०च, त्यामुळे एखाद्याचा आकडा जरा वेगळा आला असता तरी निकाल ०.०५ च्या पलीकडे गेला असता. दुसरं, क्रम सगळ्यांचा सारखाच: आधी भरपूर झोप, मग कमी. म्हणजे फरक झोपेचा की ११ दिवस लॅबमध्ये कोंडून राहिल्याचा, हे वेगळं करता येत नाही. निम्म्यांना आधी कमी झोप देऊन, मध्ये विश्रांती ठेवून उलटा क्रम केला असता तर ही शंका बरीच मिटली असती.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १६.५ म्हणजे साधारण ४७६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. 'कमी' म्हणायची नेहमीची सीमा ३०० च्या आसपास असते. थोडक्यात, सरासरी पाहिली तर ही मुलं नॉर्मलच होती, तरी थकलेली होती! मग थकवा टेस्टोस्टेरॉनमुळे आला का? पेपर ते दाखवत नाही. झोप कमी केल्यावर दोन्ही गोष्टी घसरल्या, एवढंच दिसतं. एका कारणाचे दोन परिणाम असतील तर ते एकमेकांचे कारण असायलाच हवेत असं नाही.

तो बाण तपासायचा तर टेस्टोस्टेरॉन देऊन थकवा जातो का ते बघावं लागेल. २०१६ च्या 'टेस्टोस्टेरॉन ट्रायल्स'मध्ये ६५ च्या पुढच्या, पातळी खरोखर कमी असलेल्या ७९० पुरुषांवर वर्षभर हे पाहिलं. मूड किंचित सुधारला, थकव्यात मात्र ठोस फायदा दिसला नाही. हे वयस्कर लोक होते, त्यामुळे निष्कर्ष तरुणांना जसाच्या तसा लावू नये.

याचा प्रत्यक्षात अर्थ काय? समजा, २६ वर्षांचा एक मुलगा महिनाभर पाच तास झोपतोय. थकल्यामुळे संध्याकाळी चहावर चहा होतो, त्याने रात्री झोप लांबते. काम होत नाही म्हणून मन खट्टू, आणि अंथरुणात पडल्यावर तेच विचार. चक्र पूर्ण झालं, त्यात हार्मोनची गरजही लागली नाही. आता तो दुपारी ४ वाजता रक्त देतो. आकडा दोन कारणांनी खाली येईल: दुपारची वेळ आणि अपुरी झोप. 'लो टी' समजून त्याने बाहेरून टेस्टोस्टेरॉन सुरू केलं तर मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश दबतो आणि शुक्राणू कमी होतात. मूल हवं असलेल्यासाठी ही किंमत मोठी आहे. म्हणूनच निदानासाठी सकाळचे, वेगवेगळ्या दिवशीचे किमान दोन नमुने मागतात. झोपेचा इतिहास आणि घोरण्याची चौकशीही त्यासोबत हवी, कारण स्लीप ॲप्निया असेल तर टेस्टोस्टेरॉनने तो बिघडू शकतो.

पेपर वाचताना एक सवय लावून घ्या. कागदावर बाण काढा आणि प्रत्येक बाणाशेजारी लिहा: संशोधकांनी नेमकं काय बदललं? लेप्रू आणि व्हॅन कॉटर यांनी फक्त झोप बदलली. त्यामुळे झोपेतून निघणारे बाण त्यांचे, बाकीचे आपण काढलेले.